सोया वड्या, सुकं मशरूम आणि बेदाणे: कोरडं किती घ्यायचं आणि भिजल्यावर किती होतं? (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

मी सोलापुरात डबे देते, सणासुदीला आणि गड्ड्याच्या दिवसांत चाळीस-पन्नास ताटांच्या ऑर्डरी पण घेते. ओळखीच्या बायका, मेसवाली पोरं, शेजारपाजारचे, सगळे फिरून फिरून हेच विचारतात की एवढ्या माणसांना कोरडं किती भिजवू. दर वेळी फोनवर तेच तेच सांगून तोंड दुखतंय, म्हणून एकदाचं लिहून टाकलं. आकडे माझ्या काट्यावरचे आहेत, तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होणार, ते का होतं तेही खाली आहे.

"एकास तीन" असं सगळे सांगतात, म्हणजे नक्की काय? तीन पट पाणी घालायचं की तीन पट होतं?

सगळा घोळ इथंच आहे बघा. "एकास तीन" म्हणणाऱ्याला स्वतःलाच माहीत नसतं की तो कशाबद्दल बोलतोय. यात तीन वेगळे आकडे आहेत आणि लोक ते एकमेकांत कालवतात. पहिला, भांड्यात पाणी किती ओतायचं. दुसरा, भिजून निथळल्यावर वजन किती पट होतं. तिसरा फक्त मशरूम आणि फळांना लागतो, तो म्हणजे ताज्या मालाच्या जागी कोरडा किती घ्यायचा.

सोया वड्या भिजल्या की साधारण अडीच ते तीन पट होतात, पण पाणी पाच पट तरी ओतावं लागतं. कारण वड्या हलक्या, वर तरंगतात, आणि पाणी बेतानं घातलं की खालच्या भिजतात आणि वरच्या अर्धवट कोरड्या राहतात. म्हणजे ओतायचं पाणी एकास पाच आणि होणारं वजन एकास अडीच, दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त कुठला कशाचा ते धरून ठेवायचं. मी खाली "पट" म्हणीन तेव्हा भिजून निथळल्यानंतरचं वजन भागिले कोरडं वजन, एवढाच अर्थ घ्या.

मग कोरडं किती घ्यायचं हे काढायचं कसं?

उलटं यायचं. आधी ताटात भिजलेला माल किती हवाय ते ठरवा आणि त्याला पटीनं भागा.

कोरडं वजन = हवं असलेलं भिजलेलं वजन ÷ पट

गणित एवढंच. अवघड काय असेल तर पट कुठली धरायची, कारण ती पाकिटावर छापलेली नसते, आणि असली तरी तुमच्या हाताची नसते.

हाताची म्हणजे? पट प्रत्येकाची वेगळी कशी असेल?

सोया वड्यांच्या बाबतीत असतीय, अगदी खरं सांगते. वडी म्हणजे स्पंज. तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठाला मशीनमधून दाबानं आणि उष्णतेनं बाहेर काढतात, बाहेर येताना आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुगतं आणि आत सगळी भोकं भोकं होतात. भिजवल्यावर पाणी दोन ठिकाणी बसतं, थोडं त्या पिठाच्या धाग्यात आणि बाकीचं भोकांत. भोकांतलं पाणी दाबलं की निघतं. मग तुमच्या वडीचं वजन किती, हे तुम्ही किती जोरात पिळलं त्यावर ठरतं.

मी एकदा बसून ५० ग्रॅम मोठ्या वड्या मोजून भिजवल्या. गरम पाण्यात २० मिनिटं, मग चाळणीत ५ मिनिटं नुसत्या निथळल्या, तेव्हा काटा १६५ ग्रॅम दाखवत होता. दोन्ही हातांत धरून हलकं दाबलं की १२५. आणि माझ्या जाऊबाई पिळतात तसं, म्हणजे चादर धुऊन पिळतात तसं पिळल्यावर १०५. माल तोच, पाकीट तेच, आणि पट ३.३, २.५ आणि २.१. आता "एकास तीन" म्हणणारा यातला कुठला म्हणतोय, तुम्हीच सांगा.

म्हणून पहिल्यांदा करताना ५० ग्रॅमची ही परीक्षा घरी एकदा घ्याच, आणि ज्या हातानं ऑर्डरच्या दिवशी पिळणार त्याच हातानं घ्या. आलेला आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. माझा २.५ आहे, खालचा सगळा हिशोब त्याच आकड्यावर आहे.

एक पूर्ण हिशोब दाखवा ना, समजा ४० माणसांचा सोया रस्सा आहे.

दाखवते, पण आधी माझी पहिली फजिती ऐका म्हणजे हिशोब डोक्यात बसेल. पहिल्या ऑर्डरला मी १ किलो वड्या घेतल्या होत्या, ३ लिटर पाण्यात टाकल्या, घट्ट पिळल्या, आणि मोजून ४ लिटर काळ्या मसाल्याचा रस्सा केला, तर्री मस्त आली होती. वड्या त्यात सोडल्या, एक उकळी दिली आणि हॉटपॉटात भरून पाठवलं. तासाभरानं फोन, "काकू, रस्सा कुठाय, ही तर सुकी भाजी आहे." माझा जीव पाण्यात, म्हटलं वाटेत सांडलं की काय. सांडलं काहीच नव्हतं, वड्यांनी पिऊन टाकलं होतं. घट्ट पिळलेली २.१ पटीची वडी गरम रश्शात पडली की परत ३ पटीपर्यंत जाते. १ किलोमागे ०.९ पट म्हणजे ९०० मिली रस्सा भोकांत गेला. ४ लिटरमधला जवळजवळ पाव हिस्सा.

आता नीट हिशोब. ताटामागे भिजलेल्या, हलक्या दाबलेल्या वड्या ७५ ग्रॅम धरल्या, भाकरीबरोबर वाटीभर रश्शात एवढ्या पुरतात. ४० ताटं म्हणजे ३००० ग्रॅम. भागिले २.५, आलं १२०० ग्रॅम कोरडं. २०० ग्रॅमची सहा पाकिटं. दुकानदार म्हणेल आठ न्या, नका ऐकू.

भिजवायला पाणी पाच पट, ६ लिटर. आपल्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळं दहा-बारा लिटर ओतायचा मोह आवरा, पाच पटीत भागतं, फक्त वरून एक ताटली उपडी ठेवून तिच्यावर वजन ठेवा म्हणजे वड्या बुडून राहतात.

मग रस्सा. वाढताना ताटामागे १०० मिली रस्सा हवा, म्हणजे ४ लिटर. माझ्या वड्या २.५ वर आहेत, रश्शात ३ वर जाणार, म्हणजे १२०० × ०.५, अजून ६०० मिली त्या पिणार. उकळताना वाफेनं जातं ते वेगळं, त्याचे ४०० मिली धरा. एकूण ५ लिटर रस्सा करायचा. आणि मीठ-तिखट ५ लिटरचंच घालायचं, ४ चं नाही, कारण वडीच्या आत गेलेल्या रश्शालाही चव लागते. उलट तेच तर हवंय, नाहीतर वडी फिक्की लागते आणि लोक बाजूला काढून ठेवतात.

मग पिळायचंच कशाला? निथळून टाकलं तर रस्सा पिणार नाही.

पिणार नाही, पण वडीच्या आत साधं पाणी राहील, मसाला आत जाणार नाही आणि ते फिक्कं पाणी रश्शात उतरून रस्साही पाणचट होईल. सुकं फ्राय करायचं असेल तर वडी ओली राहून तेल उडतं ते वेगळंच. म्हणून रश्शासाठी हलकं दाबायचं आणि पिणाऱ्या रश्शाची सोय आधीच करायची. फ्रायसाठी, मॅरिनेट करण्यासाठी मात्र घट्ट पिळा, आणि तेव्हा पट २.१ धरा. मॅरिनेशनचं दही-मसाला मग वडी स्वतःच ओढून घेते.

छोट्या वड्या आणि सोया खिम्यासाठी हाच आकडा चालेल का?

छोट्या वड्यांना जवळपास चालतो, भिजायला वेळ कमी लागतो एवढंच, १० मिनिटांत होतात. खिम्याचा मात्र वेगळा हिशोब आहे कारण तो हातानं पिळता येत नाही, बोटांतून निसटतो, फडक्यात बांधून पिळावा लागतो. फडक्यात पिळल्यावर माझा २.३ ते २.५ येतो, चाळणीत नुसता दाबला तर ३ च्या जवळ जातो. खिम्याचे कटलेट करणार असाल तर चाळणीवर विसंबू नका, तेवढं पाणी राहिलं की कटलेट तव्यावर सुटतं आणि मग लोक ब्रेडचा चुरा घालत बसतात.

माझ्याकडे काटा नाही, वाटीनं मोजलं तर?

मोठ्या वड्या वाटीनं मोजणं म्हणजे निव्वळ अंदाज. आकार मोठा, मधे पोकळी, त्यामुळं तीच वाटी हलवून भरली की चार वड्या जास्त मावतात. माझ्या आमटीच्या वाटीत मोठ्या वड्या ४० ग्रॅमच्या आसपास बसतात आणि त्याच वाटीत खिमा दुपटीच्या वर बसतो. म्हणजे रेसिपीत "दोन वाट्या सोया" लिहिलं असेल आणि कुठला ते लिहिलं नसेल तर तुमचा माल अर्धा तरी होईल नाहीतर दुप्पट. काटा नसेल तर पाकिटावरचं वजन वापरा, २०० ग्रॅमचं अर्धं पाकीट म्हणजे १०० ग्रॅम, झालं.

गरम पाणी की गार? उकळायचं का?

वड्यांना उकळतं पाणी ओतून झाकून १५ ते २० मिनिटं, पुरे. गार पाण्यातही भिजतात पण तासभर तरी जातो आणि मधोमध टणक ठिपका राहतो. भिजलं का ते ओळखायला सगळ्यात मोठी वडी काढून मधून कापा, आतला रंग बाहेरच्यासारखाच दिसला पाहिजे, आत फिकट कोरडा गोळा दिसला तर अजून पाच मिनिटं. त्यातच ठेवून पंधरा-वीस मिनिटं खळाखळा उकळत बसू नका, बाहेरून लिबलिबीत होतात आणि पिळताना तुकडे पडतात.

मीठ भिजवण्याच्या पाण्यात थोडं घातलं तर चालतं, पण भरपूर घातलं की पाणी हळू शिरतं, आणि शेवटी ते पाणी टाकणारच आहोत, मग मीठ वाया कशाला.

वड्यांचं भिजवलेलं पाणी टाकायचं की वापरायचं?

टाकायचं. सोयाबीनचा जो उग्र वास असतो तो बराचसा त्या पाण्यात उतरतो, आणि पोटात गॅस करणाऱ्या साखरा पण त्यातच विरघळतात. पिळून झाल्यावर स्वच्छ पाण्यातून एकदा काढून परत दाबा, फरक लगेच कळतो. ज्यांच्याकडे "सोया खाल्लं की पोट फुगतं" अशी तक्रार आहे ते बहुतेक ही पायरी खातात. पाणी वाया जातंय म्हणून जीव तुटत असेल तर कुंडीत ओता, थंड करून आणि बिनमिठाचं असेल तर.

जिमला जाणारा मुलगा म्हणतो १०० ग्रॅम सोयात ५२ ग्रॅम प्रोटीन, म्हणून रोज १०० ग्रॅम भिजलेल्या वड्या खातो. बरोबर आहे का?

माझा भाचा पण हेच करत होता. त्याला म्हटलं, काय बे, पाण्याचं प्रोटीन झालं का? तो ५२ चा आकडा कोरड्या वड्यांचा आहे. भिजवल्यावर प्रोटीन तेवढंच राहतं आणि पाणी वाढतं. २.५ पटीच्या १०० ग्रॅम भिजलेल्या वड्यांत कोरडा माल ४० ग्रॅमच असतो, म्हणजे प्रोटीन २१ ग्रॅमच्या आसपास. वर ४० माणसांचा जो हिशोब केला त्यात ताटाला ३० ग्रॅम कोरडं येतं, म्हणजे १५-१६ ग्रॅम प्रोटीन. मोजायचं असेल तर कायम कोरडं मोजा आणि मग भिजवा, पिळण्याची भानगडच मधे येत नाही.

आता मशरूम. रेसिपीत ४०० ग्रॅम ताजं बटण मशरूम आहे, माझ्याकडे सुकं आहे. किती घेऊ?

४० ग्रॅम. इथं तो तिसरा आकडा लागतो, ताज्याच्या जागी कोरडं. ताज्या मशरूममध्ये साधारण ९० टक्के पाणी असतं, त्यामुळं १० किलो सुकवलं की किलोच्या आसपासच हातात येतं. बटण असो की आपल्याकडे मिळणारं धिंगरी, एकास दहा धरून चालायचं. शिताके किंवा विलायती पोर्चिनी कुणी भेट दिलं असेल तर तेवढं नका टाकू, त्यांचा वास-चव सुकवल्यावर फार दाट होते, निम्म्यात भागतं.

४० ग्रॅम भिजवलं तर ते परत ४०० ग्रॅम झालं पाहिजे ना? माझं २०० च्या आतच राहिलं. माल खराब होता का?

नाही हो, माल बरोबर होता. सुकताना मशरूमच्या आतल्या पेशी आवळून बसतात, एकमेकांना चिकटतात, त्यांच्यातल्या भिंती मोडतात. नंतर पाणी दिलं तरी त्या जशाच्या तशा उभ्या राहत नाहीत. काप केलेलं सुकं मशरूम भिजून हलकं दाबल्यावर साडेचार ते पाच पट होतं, अख्खं जाड असेल तर चारच. म्हणजे ४० ग्रॅमचं १८० ते २००.

इथं एक गंमत आहे जी कळली की सगळी काळजी संपते. ताजं ४०० ग्रॅम मशरूम तुम्ही कढईत टाकता तेव्हा ते पाणी सोडतं की नाही? दहा मिनिटांनी कढईत बघा, निम्म्याच्या आसपास उरलेलं असतं. म्हणजे ताजंही शेवटी दोनशे-सव्वादोनशेवरच येतं. सुकं भिजवलेलं आधीच तिथं येऊन बसलेलं आहे, ते कढईत आता फारसं आटणार नाही. ताटात दोन्ही सारखंच पडतं. म्हणून "२०० च झालं" म्हणून घाबरून ८० ग्रॅम भिजवू नका, तसं केलं तर पुलावात भातापेक्षा मशरूम जास्त होईल आणि खिशाला भोक पडेल.

मशरूम भिजवलेलं पाणी पण टाकायचं का, वड्यांसारखं?

अजिबात नाही, इथं बरोबर उलटं. चव सगळी त्या पाण्यात असते. पण तळाला माती-वाळू बसते, सोलापूरच्या उन्हात गच्चीवर सुकवलेलं असेल तर धूळ हमखास. म्हणून मशरूम हातानं वरून उचलून घ्या, पाणी पाच मिनिटं न हलवता ठेवा, मग पातळ फडक्यातून वरवरचं गाळून घ्या आणि तळाचे दोन-तीन चमचे सोडून द्या. सगळं एकदम चाळणीत ओतलं तर वाळू परत मशरूमवरच पडते.

पुलावाचा हिशोब असा. ४० ग्रॅम सुकं मशरूम, ५०० मिली कढत पाणी, अर्धा तास झाकून. मशरूम १५० मिलीच्या आसपास पितं, ३५० उरतं, तळाचं आणि फडक्यातलं गेलं की ३०० हातात. भाताला ८०० मिली पाणी लागणार असेल तर हे ३०० त्यातच मोजायचं आणि वरून ५०० साधं. लोक काय करतात, भाताचं ८०० पूर्ण घालतात आणि "चव वाया नको" म्हणून हे ३०० वरून, आणि मग पुलावाची खिचडी झाली की मशरूमला शिव्या.

अर्धा तास भिजवूनही चामड्यासारखं लागतंय.

तीन कारणं असतात. जाड किंवा अख्खं मशरूम असेल तर कढत पाण्यानं बाहेरून मऊ होतं आणि आत तसंच राहतं, त्याला गार पाण्यात फ्रिजमधे रात्रभर ठेवा, वेळ लागतो पण सारखं भिजतं. शिताके असेल तर देठ कितीही भिजवा दोरीसारखाच राहणार, कापून काढा आणि स्टॉकमधे टाका. आणि तिसरं, ते सुकवतानाच फार तापवलेलं असेल तर बाहेरची कातडी अशी घट्ट होते की पाणी आत जायलाच तयार नाही, त्याचा इलाज नाही, मिक्सरमधे पूड करून ग्रेव्हीत वापरा.

आणि मऊ झालं म्हणजे शिजलं असं नाही, भिजवल्यावर नीट परतून किंवा शिजवूनच खायचं.

सुकं मशरूम विकत घेताना ते थोडं मऊ होतं, वाकत होतं. त्यानं हिशोब बदलतो का?

बदलतो आणि तुमचं नुकसानही होतं. नीट सुकलेलं मशरूम कट्कन मोडतं, वाकत नाही. मोडणाऱ्यात पाणी ८ टक्क्यांच्या आसपास असेल आणि वाकणाऱ्यात समजा २० टक्के, तर १०० ग्रॅममागे ९२ च्या ऐवजी ८० ग्रॅमच खरा माल मिळाला, १२ ग्रॅम पाणी तुम्ही मशरूमच्या भावानं घेतलं. भिजल्यावर पटही तेवढीच कमी येते आणि आपल्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. शिवाय तसलं पावसाळ्यात डब्यात ठेवलं की बुरशी येते. मशरूम म्हणजे मुळात बुरशीच, पण हिच्यावर आलेली ती दुसरी, ती खायची नसते, टाकून द्या.

बेदाणे करताना चार किलो द्राक्षांचा एक किलो होतो, मग बेदाणे भिजवले की परत चार पट का होत नाहीत?

हे विचारणारे बहुतेक पंढरपूर, बार्शीकडचे बागवाले असतात, घरचा माल असतो ना. चार किलोचा हिशोब बरोबर आहे. पिकलेल्या द्राक्षात पाणी सोडून बाकीचा माल, म्हणजे मुख्य साखर, २१ टक्के धरा, ४ किलोत झाला ८४० ग्रॅम. बेदाण्यात पाणी १५ टक्क्यांच्या आसपास राहतं, म्हणजे किलोत माल ८५०. जुळलं.

पण परत जायचा रस्ता नाही. आतली साखर पाणी ओढते हे खरं, म्हणूनच बेदाणा फुगतो, पण सुकताना आतल्या पेशींची पडदी मेलेली असतात, त्यामुळं पाणी आत येतं तशी साखर बाहेर झिरपते. थोड्या वेळात आतलं-बाहेरचं सारखं व्हायला लागतं आणि ओढ संपते. भिजवलेलं पाणी चाखून बघा, गोड लागतं ते त्यामुळंच. माझ्याकडे कोमट पाण्यात अर्ध्या तासात १०० ग्रॅमचे १३० ते १४० होतात, फ्रिजमधे रात्रभर ठेवले तर १६० पर्यंत. त्यापुढं अजून ठेवून फुगत नाहीत, फक्त फिक्के होतात.

शिरा किंवा केकसाठी किती कोरडे घेऊ?

फुगलेले २०० ग्रॅम हवेत तर भागिले १.३५, म्हणजे १५० ग्रॅम कोरडे. पाणी जेमतेम बुडतील एवढंच, बेदाण्याच्या वजनाइतकं. जास्त पाणी म्हणजे जास्त साखर बाहेर. तेच पाणी शिऱ्यात वापरा आणि साखर एक चमचा कमी करा.

केकला भिजवून फडक्यावर पुसून घालायचे. काही जण कोरडेच टाकतात, मग ते १५० ग्रॅम बेदाणे केकमधलंच ५० मिलीच्या आसपास ओलावा ओढतात, पहिल्या दिवशी काही वाटत नाही, दुसऱ्या दिवशी केक भुसभुशीत. श्रीखंडात मात्र मी मुद्दाम कोरडेच टाकते, पातळ झालेलं श्रीखंड त्यानं जरा आवळतं. घरचं गुपित आहे, सांगून टाकलं.

अंजिराला पण हाच आकडा धरा, दीड पटीच्या आतबाहेर. साखरेच्या पाकात घालून सुकवलेली फळं असतील, ती लाल-हिरवी चकचकीत, तर ती फारशी फुगतच नाहीत, पाणी गोड होतं फक्त.

हैदराबादी खुबानी का मीठा करायचाय, जर्दाळू किती घेऊ?

आपल्याकडे हैदराबाद जवळ, त्यामुळं लग्नात हे हमखास असतंय. इथं फसगत बियांची होते. तो कडक, तपकिरी, सुरकुतलेला जर्दाळू बीसकट असतो, आणि बी काही फुगत नाही. मागच्या लॉटला ५०० ग्रॅम आणले, त्यात बियाच १६० ग्रॅम निघाल्या, म्हणजे गर ३४० ग्रॅम. रात्रभर भिजवल्यावर बिया काढून गर भरला ६८० ग्रॅम, बरोबर दुप्पट. म्हणून पट गरावर लावा, पूर्ण वजनावर नाही. १ किलो भिजलेला गर हवा तर कोरडा गर ५००, आणि बिया धरून साधारण ७४० ग्रॅम आणावे लागतील. तुमच्या मालात बी लहान-मोठी असेल, दहा जर्दाळू फोडून बघून घ्या. ते नारिंगी, मऊ, बिनबियांचे मिळतात ते वेगळे, त्यांच्यात आधीच बरंच पाणी असतं, त्यांना दीड पटच धरा. बी फोडून आतला गर वरून घालतात, तो गोड असेल तरच, कडू लागला तर टाकून द्या.

रात्री भिजवून ओट्यावर ठेवलं तर चालेल का?

थंडीतसुद्धा मी ठेवत नाही, आणि एप्रिल-मेमधे तर नावच काढू नका. आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो, रात्रीही घर तापलेलं. वड्या आणि मशरूम ओले झाले की दूध जसं नासतं तसेच नासतात. कढत पाण्यात भिजवून लगेच शिजवायचं, नाहीतर फ्रिज. पिळलेल्या वड्या बंद डब्यात फ्रिजमधे दोन दिवस ठेवते, त्यापुढं नाही. हात लावल्यावर चिकट, तार सुटल्यासारखं लागलं किंवा आंबट वास आला की गेलं. फळांत साखर असते म्हणून जरा टिकतात, पण पाण्यावर बुडबुडे दिसले तर आंबायला लागलंय.

चुकून जास्त भिजवलं. ऑर्डर ४० ची, पाकिटं आठ फोडली. आता काय?

वड्या असतील तर घट्ट पिळून, पसरून फ्रीझरमधे, एकेकटी गोठली की पिशवीत. महिनाभर सहज चालतात, आणि गोठवून काढलेल्या वड्यांची भोकं जरा मोठी होतात त्यामुळं मसाला अजून चांगला आत जातो. वापरताना पट २.१ च धरायची आणि रस्सा किलोमागे ९०० मिली जास्त, पण किलो म्हणजे कोरड्याचा. फ्रीझरच्या पिशवीवर म्हणूनच भिजलेलं वजन लिहू नका, "कोरडं ४०० ग्रॅम" असं लिहा.